गोळीला माथा ओलांडायचा तर

उतारावरून घरंगळत आलेली गोळी उभ्या गोल वळशात शिरते आणि आतल्या बाजूने पूर्ण फेरी मारून पलीकडे निघते. या खेळात गोळी किती उंचीवरून सोडायची, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. वळशाचा माथा जितका उंच, तितक्याच उंचीवरून सोडली की पुरे, असं बहुतेकांना आधी वाटतं. तशी सोडून पाहा. गोळी निम्मा वळसा चढते, मध्याच्या पातळीपासून साधारण ३६ अंश वर जाते आणि तिथेच पट्टीला सोडून कमान करत खाली आपटते. माथा अजून बराच लांब असतो.

पट्टी सोडते त्या क्षणी गोळी थांबलेली नसते. तिला वेग असतो, पण तो पुरेसा नसतो. वळशाच्या वरच्या भागात गुरुत्वाकर्षण गोळीला वर्तुळाच्या आत ओढत असतं. गोळीचा वेग जास्त असेल, तर तिला वर्तुळात वळवायला ही ओढ कमी पडते आणि उरलेलं काम पट्टी गोळीला आत रेटून करते. वेग कमी झाला की पट्टीचा रेटा कमी होत जातो. तो शून्यावर आला की गोळी आणि पट्टी यांचा संबंध संपतो, कारण पट्टी फक्त रेटू शकते, धरून ठेवू शकत नाही.

माथ्यावर हा रेटा जेमतेम शून्य व्हावा, ही सगळ्यात कमी उंचीची अट. तेव्हा वळवण्याचं सगळं काम गुरुत्वाकर्षण एकटंच करतं, म्हणून गोळीचा वेग v आणि गुरुत्वत्वरण g धरलं, तर v² = gR. इथे R म्हणजे पट्टीची त्रिज्या नव्हे, तर गोळीचा मध्यबिंदू ज्या वर्तुळावर फिरतो त्याची त्रिज्या. पट्टीची त्रिज्या २० सेंटिमीटर आणि गोळी २ सेंटिमीटर व्यासाची भरीव पोलादी असेल, तर R १९ सेंटिमीटर येते आणि माथ्यावर सेकंदाला सुमारे १.३६ मीटर वेग हवा. पुढच्या सगळ्या उंच्याही मध्यबिंदूच्याच आहेत आणि त्या वळशाच्या तळाशी तो जिथे असतो तिथून मोजल्या आहेत.

आता हा वेग मिळवायला माथ्याच्या किती वरून यायचं? गोळी न फिरता, अजिबात घर्षण नसलेल्या पट्टीवरून घसरत आली असती, तर R च्या निम्मं, म्हणजे ९.५ सेंटिमीटर पुरलं असतं. घरंगळणारी गोळी मात्र उंचीतून मिळालेली ऊर्जा दोन ठिकाणी वाटते. भरीव गोळ्यात हा वाटा ठरलेला आहे: सात भागांपैकी पाच भाग पुढे जाण्यात आणि दोन भाग स्वतःभोवती फिरण्यात. पाच भागांत ९.५ सेंटिमीटरचं काम व्हायचं, तर एकूण सात भागांना १३.३ सेंटिमीटर लागतात. तळापासून माथ्यापर्यंतचे ३८ सेंटिमीटर त्यात मिळवले की ५१.३ सेंटिमीटर होतात, म्हणजे R च्या २.७ पट. घसरणाऱ्या गोळीला २.५ पट पुरली असती.

या हिशेबात गोळीचं वजन कुठेच उरत नाही. मला त्याहून जास्त आवडते ती दुसरी गोष्ट: गुरुत्वाकर्षणही उरत नाही. चंद्रावर हाच वळसा नेला तर गोळी खूप हळू फिरेल, पण सोडायची उंची तीच राहील. वाटणी बदलली तर मात्र उंची बदलते. पोकळ गोळ्याचं सगळं वस्तुमान कडेला असल्याने फिरण्यात जास्त ऊर्जा जाते आणि त्याला २.८३ पट उंची लागते.

२.७ हा आकडा घेऊन प्रयोगाला बसणाऱ्याची निराशा ठरलेली. गोळी ५१ सेंटिमीटरवरून हमखास पडते आणि मग सगळा दोष ‘घर्षण आणि हवा’ यांच्यावर टाकला जातो. मला हे पटत नाही, कारण त्यातला बराचसा फरक मोजून सांगता येतो.

पहिलं कारण पट्टीच्या आकारात आहे. वळसा पुष्कळदा दोन समांतर सळ्या वाकवून केलेला असतो आणि गोळी त्यांच्या मधल्या फटीत थोडी खाली बसते. गोळी सळ्यांना जिथे टेकते त्या दोन बिंदूंमध्ये १.२ सेंटिमीटर अंतर असेल, तर १ सेंटिमीटर त्रिज्येची गोळी प्रत्यक्षात ०.८ सेंटिमीटर त्रिज्येवर घरंगळते. छोट्या चाकाला तेवढंच अंतर कापायला जास्त फेरे घ्यावे लागतात. म्हणजे तेवढ्याच वेगाला गोळी जास्त जोरात फिरते आणि फिरण्याचा वाटा वाढतो. हिशेब केला तर पटीचा आकडा २.८१ च्या आसपास जातो. मध्यबिंदूही सळ्यांच्या थोडा जवळ असल्याने R १९.२ होते आणि लागणारी उंची ५४ सेंटिमीटर. आपल्या प्रयोगाला अडीच-पावणेतीन सेंटिमीटर कमी पडत असतील, तर आधी फटीची रुंदी मोजावी.

दुसरं कारण जास्त खोल आहे आणि ते सपाट पट्टीवरही लागू होतं. वर चढताना गोळीचा वेग कमी होतो, तेव्हा तिचं फिरणंही त्याच प्रमाणात कमी व्हायला हवं. हे काम घर्षण करतं: ते फिरणं मंदावतं आणि त्यातली ऊर्जा गोळीला पुढे ढकलण्यात परत देतं. २.७ च्या हिशेबात ही परतफेड शेवटपर्यंत पूर्ण होते असं गृहीत धरलेलं आहे. पण घर्षण पट्टीच्या रेट्यावर अवलंबून असतं, आणि माथ्याजवळ तो रेटाच शून्याकडे जात असतो. घर्षणांक, म्हणजे घर्षण रेट्याच्या जास्तीत जास्त किती पट होऊ शकतं तो आकडा, ०.३ धरला, तर २.७ पटीवरून सोडलेली गोळी माथ्याच्या सुमारे ४३ अंश आधीच घसरू लागते. खरखरीत पट्टी घेतली तर घसरणं उशिरा सुरू होतं, पण नेमक्या किमान उंचीवर ते पूर्णपणे टाळता येत नाही, कारण हव्या असलेल्या घर्षणाचं रेट्याशी प्रमाण माथ्याकडे जाताना अमर्याद वाढतं.

घसरणाऱ्या गोळीत फिरण्याची थोडी ऊर्जा अडकून राहते आणि पुढे जाण्याच्या वेगाला तेवढी तूट येते. आपल्या २० सेंटिमीटरच्या वळशात ही तूट भरून काढायला साधारण अर्धा सेंटिमीटर जास्त उंची लागते. आकडा लहान आहे, पण ‘किमान’ म्हणून सांगितलेली उंची किंचित अपुरी असते, हे त्यावरून कळतं.

उरलेली तूट खऱ्या झिजेची. तळाशी गोळी आपल्या वजनाच्या जवळपास पाचपट जोराने पट्टीवर दाबते. पट्टी पातळ असेल किंवा आधार ढिला असेल तर ती तिथे लवते, थरथरते आणि ऊर्जा खाते, म्हणून वळशाचा तळ पाटाला घट्ट आवळावा. उतारही फार उभा ठेवू नये. सपाट पट्टीवर घर्षणांक ०.३ असताना ४६ अंशांपेक्षा तीव्र उतारावर गोळी सुरुवातीलाच घसरते आणि वाटणीचा हिशेब बिघडतो.

गोळीने पट्टी सोडली की नाही, हे डोळ्यांपेक्षा कानाला लवकर कळतं. घरंगळण्याची सलग घरघर मध्येच तुटली आणि मग टक् असा आवाज आला, तर गोळी हवेतून गेली. घसरणं पाहायचं असेल तर गोळीचा अर्धा भाग काळा रंगवा आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये बाजूने चित्रण करा. वर चढताना काळे-पांढरे भाग एकामागून एक येण्याचा वेग आधी मंदावत जातो. माथ्याजवळ गोळी हळू होत असूनही तो पुरेसा मंदावत नाही.