प्रॉक्टाल्जिया फ्युगॅक्स

गुदाशयात अचानक उठणारी आणि काही मिनिटांत आपोआप विरून जाणारी तीव्र कळ. फ्युगॅक्स या लॅटिन शब्दाचा अर्थ पळून जाणारा. डॅनिश वैद्य थायसेन यांनी १९३५ साली तिला हे नाव दिले.

समजा, चाळिशीतला एक माणूस रात्री अडीचला दचकून जागा होतो. गुदद्वाराच्या जरा वर, आत खोल, कोणी मूठ आवळल्यासारखी कळ येते. त्याला घाम फुटतो, संडासला जावेसे वाटते, पण बसून काही होत नाही. दहा मिनिटांनी कळ ओसरते आणि सकाळी मागमूसही उरत नाही. पुढचा झटका दोन महिन्यांनी येतो. डॉक्टरांच्या तपासणीत काहीच सापडत नाही, आणि या दुखण्यात तसेच अपेक्षित असते. निदान मुख्यतः रुग्णाच्या सांगण्यावरून होते: झटका अर्ध्या तासाच्या आत संपतो, शौचाशी त्याचा संबंध नसतो आणि मधल्या काळात दुखत नाही.

पोटरीत गोळा यावा तसा गुदद्वाराच्या आतल्या वर्तुळाकार स्नायूला पेटका येत असावा, असे मानले जाते. मात्र नेमके कारण सिद्ध झालेले नाही.

गुदद्वारी दुखले की आपल्याकडे पहिला संशय मूळव्याधीवर जातो. वास्तविक आतल्या मूळव्याधीतून रक्त जाते, पण ती सहसा दुखत नाही. बाहेरच्या कोंबात रक्त गोठले तर मात्र दुखणे एकाएकी सुरू होऊन काही दिवस राहते आणि हाताला टणक, निळसर गाठ लागते. फिशरचे, म्हणजे गुदद्वाराच्या कडेला पडलेल्या चिरेचे, दुखणे शौचाला बांधलेले असते: काच चिरत गेल्यासारखी आग होते, ती नंतर तासन्‌तास टिकते आणि मळावर लालभडक रक्ताची रेघ दिसते. गळू झाले असेल तर ठणका दिवसागणिक वाढतो, बसवत नाही, ताप येऊ शकतो. अशा वेळी थांबू नये. सर्वांत जास्त गल्लत होते ती गुदाशयाला खालून आधार देणाऱ्या लेव्हेटर स्नायूच्या दुखण्याशी. ते अर्ध्या तासाहून अधिक चालते, बोथट असते, बसल्यावर बरेचदा वाढते आणि तपासताना तो स्नायू मागे ओढला की दुखतो.

झटका इतका अल्पजीवी, की वेदनाशामक गोळी पोटात विरघळेपर्यंत तो संपलेला असतो. कोमट पाण्याच्या टबात बसल्याने बऱ्याच जणांना बरे वाटते. लांबणाऱ्या झटक्यांसाठी डॉक्टर कधी दम्याचा साल्ब्युटामॉल इनहेलर देतात. १९९६ सालच्या एका छोट्या चाचणीत त्याने झटके आखूड झाले होते. आजार निरुपद्रवी आहे, पण रक्त जाणे, वजन घटणे, शौचाची सवय बदलणे किंवा दुखणे सतत राहणे यांपैकी काही असेल, तर हे निदान गृहीत न धरता गुदाशयाची तपासणी करून घ्यावी लागते.