‘किलोला काय भाव?’ : शोधातून येणाऱ्या गिऱ्हाइकामागची पार्श्वभूमी

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांना काम मिळतं ते ओळखीवर, नाहीतर प्रदर्शनातल्या स्टॉलवर. गुगलवर लेख लिहून ऑर्डर येते, यावर इथे अजून कुणाचा फारसा विश्वास नाही, आणि त्याला कारणही आहे. सुरुवातीच्या काळात वर येण्यासाठी लोक एकच शब्द पानभर कोंबायचे आणि बाहेरून लिंका विकत घ्यायचे. 2011 मध्ये गुगलने ‘पांडा’ हा बदल आणून पोकळ मजकुराची पानं खाली ढकलली. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘पेंग्विन’ने विकतच्या लिंकांवर घाला घातला.

मला या इतिहासातलं खरं वळण मात्र 2009 चं वाटतं, आणि तेही अमेरिकेतल्या व्हर्जिनियामधलं. मार्कस शेरिडन फायबरग्लासचे जलतरण तलाव बसवायचे. मंदीत धंदा बसला, तेव्हा त्यांनी ‘तलावाला खर्च किती येतो’ एवढ्याच प्रश्नावर सरळ लेख लिहिला. बाकीचे तलाववाले दर सांगायला कचरत होते, त्यामुळे त्या शोधात हेच पान वर आलं आणि वर्षानुवर्षं गिऱ्हाईक आणत राहिलं. त्यांनी ठाम आकडा दिलाच नव्हता. खर्च कशाने वाढतो आणि कशाने कमी होतो, ते उलगडून सांगितलं होतं.

हेच शिरोलीत लावून पाहू. समजा, एका एसजी आयर्न फाउंड्रीने `what is casting` या शोधासाठी लेख लिहिला. वाचक भरपूर येतील, पण बहुतेक इंजिनिअरिंगची पोरं. `sg iron casting price per kg` शोधणारे मोजकेच असतात. पण त्यातल्या बऱ्याच जणांच्या टेबलावर ड्रॉइंग पडलेलं असतं. त्यांना सांगायचं ते हे: ग्रेड 400/15 हवा की 500/7, नगाचं वजन किती, कोअर किती, मशिनिंग कुणाकडे. पॅटर्नचा खर्च एकदाच होतो, पण तो पन्नास नगांवर वाटला तर किलोचा भाव चढतो आणि पाच हजारांवर वाटला तर जाणवतही नाही. हे एक उदाहरण आकड्यांसकट मांडलं, की लेखाचं निम्मं काम झालं.

नवं पान वर यायला महिने लागतात. तोवर गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये डोकावत राहायचं. कोणत्या शोधात पान दिसलं आणि किती जणांनी क्लिक केलं, ते तिथे कळतं. पान दिसतंय पण सरासरी क्रमांक विसाच्या पुढे असेल, तर क्लिक येणार नाहीत. तिथे मजकूर कमी पडतोय का, ते पाहावं. वर असूनही कुणी उघडत नसेल, तर मथळा चुकलाय. आणि शोधांच्या यादीत `definition`, `pdf`, `ppt` असलेच शब्द दिसू लागले, तर लेख भलत्याच माणसाला गाठतोय.

मोठ्या वाहन कंपन्यांचं काम मात्र या वाटेने क्वचितच येतं. त्यांचे व्हेंडर ऑडिट आणि मंजुरीतून ठरतात. इथे सापडतो तो पंप, व्हॉल्व्ह किंवा शेतीअवजारं बनवणारा, आधीच्या फाउंड्रीच्या रिजेक्शनला कंटाळलेला मध्यम खरेदीदार.