‘बेटी को भेजा’ आणि ‘बेटी को चिट्ठी भेजी’: ‘को’ दिसल्यावर रिकाम्या जागेत काय लिहायचं?

माँ ने बेटी को बाज़ार भेजा।
माँ ने बेटी को चिट्ठी भेजी।

दोन्ही वाक्यांत कर्ता तोच, ‘ने’ तोच, ‘बेटी को’ही तेच. क्रियापदसुद्धा एकच, भेजना. तरी एकदा ‘भेजा’ आणि एकदा ‘भेजी’. मुंबईत मराठी माध्यमाच्या मुलांना हिंदी शिकवताना मला दिसतं, की रिकाम्या जागा भरताना सर्वांत जास्त गोंधळ याच जोडीत होतो. ‘ने आलं की क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं’ हा नियम मुलांना पाठ असतो. मग काही जण दोन्हीकडे ‘भेजी’ लिहितात, कारण ‘बेटी’ स्त्रीलिंगी आहे. कुणीतरी ‘को असेल तर नेहमी आ’ असं सांगितलेलं असेल, तर दोन्हीकडे ‘भेजा’ येतं. दोन्ही वाटांनी एक उत्तर बरोबर येतं आणि एक चुकतं, म्हणून चूक नियमात आहे हे मुलांच्या लक्षातच येत नाही.

मूळ नियमात एक शब्द सांगायचा राहून जातो. क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं खरं, पण फक्त त्या कर्माप्रमाणे, ज्याच्या मागे काहीही चिकटलेलं नाही. ‘ने’ लागल्यावर कर्त्याचा क्रियापदावरचा हक्क संपतो. ‘को’ लागल्यावर त्या नामाचाही संपतो. मग वाक्यात एखादं मोकळं कर्म उरलंय का, एवढंच बघायचं. दुसऱ्या वाक्यात ‘चिट्ठी’ मोकळी आहे, ती स्त्रीलिंगी आहे, म्हणून ‘भेजी’. पहिल्या वाक्यात मोकळं कर्म कुठलंच नाही (‘बाज़ार’ हे ठिकाण आहे, कर्म नव्हे), म्हणून क्रियापद पुल्लिंगी एकवचनात थांबतं: ‘भेजा’.

मराठीत हे आपल्याला अनोळखी नाही. ‘आईने मुलीला चिठ्ठी पाठवली’ हा कर्मणी प्रयोग आणि ‘आईने मुलीला बाजारात पाठवले’ हा भावे. फरक एवढाच, की मराठीत भावे प्रयोगाचं क्रियापद नपुंसकलिंगी असतं. ‘पाठवले’ कानावर पडताच ते मुलीशी किंवा मुलाशी जुळलेलं नाही हे कळतं. हिंदीत नपुंसकलिंगच नाही, त्यामुळे तिथे भावे प्रयोग पुल्लिंगाचं रूप वापरतो. ‘माँ ने बेटे को भेजा’ वाचताना ‘भेजा’ हे ‘बेटे’शी जुळलंय असंच वाटतं. तसं ते नाही. ‘बेटे’च्या जागी ‘बेटों’ ठेवून पाहा: ‘माँ ने बेटों को भेजा’. रूप ‘भेजे’ झालं नाही. हीच परीक्षा प्रत्येक वाक्यावर करता येते. ‘को’ लागलेल्या नामाचं लिंग-वचन बदलूनही क्रियापद हललं नाही, तर ते त्या नामाचं ऐकत नाही.

मग मराठी मूल ‘माँ ने बेटी को स्कूल भेजी’ का लिहितं? कारण घरी आपण नेमकं तसंच बोलतो. ‘तिला शाळेत घातली’, ‘मी तिला स्टेशनवर बघितली’ ही वाक्यं आपल्या रोजच्या तोंडातली आहेत. मराठी व्याकरणाने त्यांची दखलही घेतली आहे: कर्माला ‘ला’ लागलेला असूनही क्रियापद त्याच्याशी जुळतं, अशा रचनेला कर्म-भाव संकर म्हणतात. म्हणजे मुलाचा कान चुकीचा नाही, तो मराठीचा नियम हिंदीत लावतो आहे. हे शिक्षकाने ओळखलं, तर लाल रेघ मारण्याऐवजी नेमका फरक दाखवता येतो: मराठीत ही वाट आहे, प्रमाण हिंदीत ती बंद आहे.

आणखी एका ठिकाणी मराठी कान दगा देतो. मराठीत निर्जीव कर्माला आपण सहसा ‘ला’ लावत नाही. ‘त्याने पुस्तक फाडले’ म्हणतो, ‘पुस्तकाला फाडले’ नाही. हिंदीत मात्र एखादी ठरावीक वस्तू मनात असेल, तर तिलाही ‘को’ लागू शकतो. ‘बच्चे ने किताब फाड़ी’ आणि ‘बच्चे ने मेरी किताब को फाड़ा’ ही दोन्ही वाक्यं चालतात. प्रश्नपत्रिकेत दुसऱ्या प्रकारचं वाक्य आलं, की ‘मेरी किताब’ बघून हात आपोआप ‘फाड़ी’ लिहितो. मधला ‘को’ डोळ्यांसमोर असूनही वाचला जात नाही.

आणि कधी तो दिसतच नाही. मुझे, तुझे, उसे, हमें, तुम्हें, उन्हें या प्रत्येक शब्दाच्या पोटात ‘को’ आहे. उसे म्हणजे उसको, हमें म्हणजे हमको. ‘शिक्षिका ने हमें बुलाया’ हे वाक्य मुलींच्या वर्गाबद्दल असलं, तरी ‘बुलाया’च. हे लपलेले ‘को’ ओळखण्याची सवय वेगळी लावावी लागते. मी मुलांना सरळ ‘हमें’ खोडून वर ‘हमको’ लिहायला लावते, मग पुढचं उत्तर बहुतेक आपोआप सुधारतं.

आता एक उतारा सोडवू. ठिकाण आपलंच घेतलंय.

‘कल नेहा ने दादर के फूल बाज़ार में अपनी सहेली को ____ (देखना)। नेहा ने उसे आवाज़ ____ (देना)। दोनों ने चार मालाएँ ____ (ख़रीदना)। फिर नेहा ने माँ को फ़ोन ____ (करना) और टैक्सी ____ (बुलाना)। टैक्सीवाले ने उन्हें माटुंगा में ____ (छोड़ना)। शाम को नेहा का भाई मिठाई ____ (लाना)।’

पहिल्या जागी ‘सहेली’ला ‘को’ आहे, दुसरं कर्म नाही: देखा. दुसऱ्या जागी ‘उसे’ बाद, पण ‘आवाज़’ मोकळी आहे: दी. इथे मराठी आणखी एकदा आडवी येते. आपला ‘आवाज’ पुल्लिंगी, हिंदीतली ‘आवाज़’ स्त्रीलिंगी. ‘दिया’ लिहिणाऱ्या मुलाने प्रयोग बरोबर ओळखलेला असतो, फक्त लिंग मराठीचं लावलेलं असतं. या दोन चुका तपासताना वेगळ्या धरायला हव्यात, कारण उपाय वेगळा आहे. पहिलीवर नियम समजावावा लागतो. दुसरीवर शब्द लिंगासकट पाठ करण्यावाचून इलाज नाही: चहा पुल्लिंगी पण चाय स्त्रीलिंगी, दुकान आपल्याकडे नपुंसकलिंगी पण हिंदीत स्त्रीलिंगी.

तिसरी जागा: मालाएँ, स्त्रीलिंगी अनेकवचन, म्हणून ‘ख़रीदीं’. अनुस्वार विसरू नये. पुढे ‘हैं’ किंवा ‘थीं’ असतं, तर तो तिकडे गेला असता: ‘ख़रीदी हैं’, ‘ख़रीदी थीं’. दोन्हीकडे अनुस्वार देऊन ‘ख़रीदीं हैं’ लिहिणं ही नेहमीची चूक.

चौथ्या आणि पाचव्या जागेचा कर्ता एकच, ‘ने’ही एकदाच लिहिलेला, पण क्रियापदं दोन वेगळ्या कर्मांची आहेत. ‘माँ को’ बाद झाल्यावर ‘फ़ोन’ उरतो, पुल्लिंगी: किया. पुढे ‘टैक्सी’, स्त्रीलिंगी: बुलाई. ‘और’नंतर ‘ने’ पुन्हा दिसत नाही म्हणून काही मुलं तिथे ‘नेहा’शी जुळवतात. इथे नेहा आणि टैक्सी दोन्ही स्त्रीलिंगी असल्याने चुकीच्या विचारानेही ‘बुलाई’ येतंच. म्हणून नेहाच्या जागी ‘राजू’ घालून तेच वाक्य पुन्हा विचारावं. तेव्हाही ‘बुलाई’ आलं, तरच मुलाला समजलं.

सहावी जागा: ‘उन्हें’ म्हणजे ‘उनको’, मोकळं कर्म नाही, म्हणून ‘छोड़ा’. दोन मुली टॅक्सीतून उतरल्या, तरी ‘छोड़ीं’ नाही.

शेवटच्या वाक्यात मुळात ‘ने’च नाही. ‘लाना’ सकर्मक असूनही ‘ने’ घेत नाही, कारण त्याची घडण ‘ले आना’ची आहे आणि ‘आना’ अकर्मक आहे. म्हणून भाऊ मिठाई ‘लाया’. मराठीत आपण ‘भावाने मिठाई आणली’ म्हणतो, त्यामुळे ‘भाई ने मिठाई लाई’ असं उत्तर ओठांवर येतं. ‘भूलना’ आणि ‘बोलना’ही सहसा ‘ने’शिवायच चालतात. तिथे मराठी मदतीला येते, कारण ‘तो नाव विसरला’, ‘ती खरं बोलली’ हे आपणही कर्त्याप्रमाणेच म्हणतो. उलट पीना आणि सीखना यांना हिंदीत ‘ने’ हवाच: ‘मैंने चाय पी’, ‘मैंने हिंदी सीखी’. आपण मात्र ‘मी चहा प्यायलो’, ‘मी हिंदी शिकलो’ म्हणतो. मुंबईच्या रस्त्यावर ऐकू येणारं ‘मैं चाय पिया’ याच वाटेने आलं असावं असं मला वाटतं. ते बोलण्यात कुणाला खटकत नाही, प्रश्नपत्रिकेत मात्र गुण जातात.

शेवटी एक प्रकार असा, की वाक्यात ना ‘को’ असतो, ना मोकळं नाम. ‘माँ ने बेटी से ____ (पूछना) कि चाबी कहाँ है।’ ‘से’ लागलेली बेटीही ‘को’वाल्या बेटीइतकीच बाद. कर्म आहे ते ‘कि’नंतरचं अख्खं वाक्य, आणि वाक्याला लिंग नसतं, म्हणून ‘पूछा’. त्यातली ‘चाबी’ स्त्रीलिंगी असली, तरी ती आतल्या वाक्यातली, तिचा ‘पूछा’शी संबंध नाही. हेच वाक्य ‘माँ ने बेटी से एक बात ____ (पूछना)’ असं केलं, तर ‘बात’ मोकळी उभी राहते आणि उत्तर ‘पूछी’ होतं.