लाख, कोटी, मिलियन, बिलियन : संख्यानामांचे रूपांतर

लाख, कोटी आणि अब्ज ही भारतीय उपखंडातील मोठ्या संख्यांची नावे, तर मिलियन, बिलियन आणि ट्रिलियन ही इंग्रजीतून जगभर रूढ झालेली नावे होत. दोन्ही पद्धती दशमानच आहेत आणि हजारापर्यंत त्यांच्यात काहीही फरक नाही. फरक पडतो तो हजाराच्या पुढे नवे नाव किती पटीने द्यायचे यात. भारतीय पद्धत शंभराच्या पटीने चढते : शंभर हजारांचा लाख, शंभर लाखांची कोटी, शंभर कोटींचा अब्ज. आंतरराष्ट्रीय पद्धत हजाराच्या पटीने चढते : हजार हजारांचा मिलियन, हजार मिलियनांचा बिलियन, हजार बिलियनांचा ट्रिलियन. शून्यांच्या भाषेत सांगायचे तर लाखात एकावर पाच, कोटीत सात आणि अब्जात नऊ शून्ये असतात, तर मिलियनमध्ये सहा, बिलियनमध्ये नऊ आणि ट्रिलियनमध्ये बारा.

या दोन जिन्यांच्या पायऱ्या शेजारी ठेवून पाहिल्या की चुका कुठे होतात ते लक्षात येते. मिलियनची पायरी लाख आणि कोटी यांच्या बरोबर मध्ये पडते, लाखापासून एक शून्य वर आणि कोटीपासून एक शून्य खाली. त्यामुळे मिलियनचे लाख करताना आकडा दहाने गुणावा लागतो आणि कोटी करताना दहाने भागावा लागतो. ३५ मिलियन म्हणजे ३५० लाख, म्हणजेच साडेतीन कोटी. दशांशचिन्ह दोन्ही वेळा एकच घर सरकते, पण उलट दिशांना. दिशा चुकली तर उत्तर शंभर पट बिघडते, आणि सरकवायचेच राहून गेले तर दहा पट. दहा पटीची चूक अधिक फसवी असते, कारण ‘३५ कोटी’ हा आकडाही वाचायला तितकाच संभवनीय वाटतो. दिशा पडताळण्याचा नियम सोपा आहे : एकक मोठे झाले की त्यापुढील आकडा लहान झाला पाहिजे. मूळ अंक मात्र बदलत नाहीत. रूपांतर केल्यावर ३ आणि ५ यांच्या जागी दुसरे अंक दिसू लागले, तर कोठेतरी गुणाकार चुकला आहे किंवा मध्येच चलनाचा दर शिरला आहे.

दोन्ही जिने हजारानंतर पुन्हा एका पातळीवर येतात ते थेट नऊ शून्यांवर. बिलियन आणि अब्ज ही एकच संख्या आहे, म्हणून बिलियनचे मराठीकरण मिलियनपेक्षा कमी धोक्याचे असते. १.४ बिलियन म्हणजे १.४ अब्ज, म्हणजेच १४० कोटी. मिलियनसाठी मराठीत ‘दशलक्ष’ हा शब्द वापरतात आणि तो अचूकही आहे, पण वाचकाला तो अडखळवतो. ‘६० दशलक्ष’ वाचताना मनात पुन्हा एक गुणाकार करावा लागतो आणि घाईत त्याचे ‘६० लाख’ होते. तक्त्याच्या शीर्षकात दशलक्ष शोभतो, वाक्यात मात्र ‘सहा कोटी’ म्हणणेच बरे.

संख्या पूर्ण अंकांत लिहिलेली असेल तर नावे बाजूला ठेवून अंक मोजणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग होय. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ होती. उजवीकडून आधी तीन आणि मग दोन-दोन अंकांनंतर स्वल्पविराम देणाऱ्या या मांडणीत ती ११ कोटी २३ लाख ७४ हजार ३३३ अशी वाचली जाते. स्वल्पविराम काढून तीन-तीन अंकांचे गट पाडले की तीच संख्या ११२,३७४,३३३ अशी दिसते, म्हणजे सुमारे ११२.४ मिलियन. येथे स्वल्पविरामांना केवळ शोभेचे मानू नये, कारण संख्या कोणत्या पद्धतीत लिहिली आहे ते तेच सांगतात. मधल्या कोणत्याही गटात दोनच अंक असतील, तर मांडणी भारतीय आहे. लाखाच्या आतील संख्यांत, उदाहरणार्थ ७५,००० मध्ये, दोन्ही मांडण्या एकच दिसतात आणि तेथे हा पुरावा मिळत नाही.

खरी कसोटी लागते ती ‘लाख कोटी’सारख्या जोडनावांत. जुलै २०२४ मध्ये मांडलेल्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०२४-२५ साठी एकूण खर्चाचा अंदाज ४८,२०,५१२ कोटी रुपये होता. येथे स्वल्पविराम रुपयांची नव्हे, कोटींची संख्या विभागतात. म्हणजे ही ४८ लाख २० हजार ५१२ इतक्या कोटींची रक्कम आहे. या संख्येत सात अंक आहेत आणि कोटीची सात शून्ये, म्हणून रुपयांतील संख्या चौदा अंकी झाली पाहिजे. तीन-तीनचे गट केल्यावर ती ४८,२०५,१२०,०००,००० अशी येते : सुमारे ४८.२ ट्रिलियन रुपये. एक लाख कोटी म्हणजे बरोबर एक ट्रिलियन, ही एकच समता लक्षात असली तरी अर्थसंकल्पीय आकड्यांचे बहुतेक काम भागते. ‘४.८ ट्रिलियन’ असे उत्तर आले, तर अंक मोजताच ते एका घराने कमी भरते आणि चूक उघड होते.

चलनही बदलायचे असल्यास दोन्ही रूपांतरे एका दमात करू नयेत. समजा, रक्कम २.५ बिलियन डॉलर आहे आणि हिशेबासाठी डॉलरचा दर ८० रुपये धरला आहे. आधी फक्त एकक बदलावे : २५० कोटी डॉलर. मग दराने गुणावे : २०,००० कोटी रुपये. पहिल्या पायरीवर थांबून ‘डॉलर’च्या जागी ‘रुपये’ लिहिले गेले की ‘२५० कोटी रुपये’ असे विधान तयार होते. अंक ओळखीचे असल्याने ही चूक सहसा मुद्रितशोधनातही सुटते.

सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे मराठी शब्द पुढील एककाचे भाग दाखवतात, म्हणून रूपांतराआधी त्यांचे दशांशात लेखन करावे. सव्वा कोटी म्हणजे १.२५ कोटी, अर्थात १२.५ मिलियन, अडीच लाख म्हणजे ०.२५ मिलियन.

अब्जाच्या वरची भारतीय नावे वापरताना आणखी जपावे लागते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील परंपरेत प्रत्येक दहापटीला स्वतंत्र नाव आहे, तेथे अर्बुद आठ शून्यांचे, अब्ज नऊ शून्यांचे आणि खर्व दहा शून्यांचे आहे. हिंदीत मात्र ‘अरब’ नऊ शून्यांचा आणि ‘खरब’ अकरा शून्यांचा मानतात. म्हणजे हिंदी ‘अरब’चे भाषांतर अब्ज असे होते, अर्बुद नव्हे, आणि ‘खरब’साठी ध्वनिसाम्यावरून खर्व लिहिले, तर संख्या दहा पटीने घटते. अशा ठिकाणी शंभर अब्ज किंवा दहा हजार कोटी असे लिहिल्यास वाद उरत नाही.

बिलियन हा शब्दही सर्वत्र आणि सर्वकाळ एकच नव्हता. ब्रिटनमध्ये तो पूर्वी मिलियन मिलियन, म्हणजे बारा शून्ये, या अर्थी चाले. सरकारी आकडेवारीत नऊ शून्यांचा अर्थ १९७४ मध्ये स्वीकारला गेला. जर्मन, फ्रेंच आणि स्पॅनिश भाषांत या शब्दाची रूपे आजही बारा शून्यांचीच आहेत. नऊ शून्यांसाठी जर्मन व फ्रेंचमध्ये मिलियार्ड हा वेगळा शब्द आहे, तर स्पॅनिशमध्ये सहसा ‘हजार मिलियन’ म्हणतात. त्यामुळे जुना ब्रिटिश ग्रंथ किंवा युरोपीय भाषेतील मूळ मजकूर समोर असेल, तर त्यातील बिलियनला अब्ज म्हणण्यापूर्वी त्याच पानावर एखादी पूर्ण अंकांत लिहिलेली संख्या शोधून शून्ये मोजावीत.