औषधकपातीचे पत्र

खूप थकलेल्या वृद्ध रुग्णाला वर्षानुवर्षे चालू असलेल्या औषधांपैकी कोणती आता थांबविता येतील, हे तपासून वृद्धरोगतज्ज्ञ किंवा फिजिशियन रुग्णाच्या फॅमिली डॉक्टरांना जे लेखी कळवितो, त्यास औषधकपातीचे पत्र म्हणता येईल. ही शिफारस असते, आदेश नव्हे. रुग्णाला पुढे पाहणारे फॅमिली डॉक्टरच असल्याने निर्णयही त्यांचाच असतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात पत्राची गरज एका विशेष कारणाने भासते. येथील मराठी कुटुंबे उपचारासाठी कधी बेळगावला, तर कधी कोल्हापूर-मिरजेला जातात; प्रत्येक ठिकाणची चिठ्ठी जुन्या गोळ्यांत भर घालते आणि जुनी गोळी बंद करण्याचे काम कोणाचेच राहत नाही. म्हणून आढावा घेणारा घरातील गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या पिशवीसकट मागवितो. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी चालू असल्याचे तेव्हाच कळते.

उदाहरणादाखल खानापूर तालुक्यातील ८४ वर्षांच्या, जेवण कमी झालेल्या आणि नुकत्याच दोनदा पडलेल्या एखाद्या आजींचा विचार करू. त्यांना मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड, रात्री झोपेसाठी क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम, अ‍ॅस्पिरिन ७५ आणि पँटोप्राझोल ४० मिलिग्रॅम चालू असून गेल्या सुमारे तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखविणारा एचबीए१सी ६.२ टक्के आहे. या वयात आणि अशा प्रकृतीत हा आकडा ८ च्या आसपास चालतो, ६.२ हे चांगल्या नियंत्रणाचे नव्हे, तर साखर धोकादायक उतरत असल्याचे चिन्ह असू शकते. त्यामुळे पत्रात ग्लिमेपिराइड सर्वांत आधी आणि एकदम थांबविण्यास सुचविले जाईल, आणि पुढचे काही आठवडे साखर तपासण्यास सांगितले जाईल.

क्लोनाझेपाम मात्र एकदम बंद केल्यास झोप उडते, अस्वस्थता येते, क्वचित झटकेही येतात. ०.२५ मिलिग्रॅमच्या गोळ्या घेऊन दर दोन आठवड्यांनी दीड, एक, अर्धी असे उतरावे, आणि त्रास झाल्यास त्याच पायरीवर थांबावे, असे पत्रात स्पष्ट लिहावे लागते. नुसते ‘हळूहळू कमी करा’ निरुपयोगी ठरते.

उरलेल्या दोन गोळ्या एकमेकींशी बांधलेल्या आहेत. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा स्टेंट यांपैकी काहीही पूर्वी झालेले नसेल, तर अ‍ॅस्पिरिनच्या फायद्यापेक्षा रक्तस्रावाचा धोका मोठा असतो. पँटोप्राझोल बहुधा त्याच अ‍ॅस्पिरिनपासून जठर वाचविण्यासाठी दिलेले असते. म्हणून आधी अ‍ॅस्पिरिन थांबवून मगच पँटोप्राझोल २० वर आणावे व नंतर बंद करावे. बंद केल्यावर काही आठवडे आम्ल उसळून जळजळ होऊ शकते. ते जुने दुखणे परतले असे समजून गोळी पुन्हा सुरू केली जाते, आणि अनेक प्रयत्न येथेच फसतात.

एका वेळी एकच औषध हलवावे, नाहीतर त्रास कशाने झाला हे कळत नाही. औषध सुरू करण्याचे मूळ कारण अज्ञात असेल तर पत्रात ‘थांबवा’ न लिहिता ‘कारण आपणास ठाऊक असल्यास कळवावे’ असे लिहिणे योग्य. स्टेंटची नोंद अनेकदा फॅमिली डॉक्टरांच्या जुन्या कागदांतच सापडते. पत्र इंग्रजीत असले, तरी सोबत घरच्यांसाठी मराठीत, गोळीच्या पट्टीवरील नावासह, एक पान द्यावे लागते. अन्यथा बंद केलेली गोळी जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून पुन्हा घरी येते.