वजनातील दैनंदिन चढउतार आणि साप्ताहिक सरासरी

निरोगी माणसाचे वजन रोज सकाळी सारखे भरत नाही. एका दिवसात किलो-दीड किलोचा फरक सहज पडतो आणि त्यातला बहुतेक भाग पाणी व आतड्यातल्या अन्नाचा असतो. चरबी खरोखर घटते आहे का, हे ओळखण्यासाठी सात सकाळच्या वजनांची सरासरी काढून ती आधीच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहतात. आहारातल्या कॅलरी कमी-जास्त करायच्या त्या या फरकावरून.

समजा, साताऱ्यातला ४२ वर्षांचा एक कारकून वजन उतरवतो आहे. रविवारी सकाळी काटा ७७.८ किलो दाखवतो. त्यानंतर तो बऱ्याच महिन्यांनी अजिंक्यतारा चढून येतो. दुपारी घरी मटणाचा रस्सा, भाकरी आणि वर दोनदा भात. संध्याकाळी पाहुण्यांनी आणलेले कंदी पेढे. सोमवारी काटा ७९.२ वर. हे १.४ किलो चरबीचे असते तर खर्चापेक्षा सुमारे १०,८०० कॅलरी जास्त पोटात जायला हव्या होत्या, कारण एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. एवढे रविवारच्या पंगतीतही कोणी जेवत नाही.

मग वाढले काय? भात-भाकरीतले पिष्ट यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठते आणि एका ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर अंदाजे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवले जाते. आठवडाभर हात आखडून जेवलेल्या माणसाचा हा साठा काहीसा रिकामा असतो. तो १५० ग्रॅमने भरला की काट्यावर ६०० ग्रॅम चढतात. रस्सा, लोणचे, पापड यांतून तीन ग्रॅम मीठ जास्त गेले तर मूत्रपिंडे ते बाहेर टाकेपर्यंत एक-दोन दिवस पाव लिटरहून थोडे जास्त पाणी अंगात राहते. उरलेला भार आतड्यातल्या अन्नाचा आणि गड चढून दुखावलेल्या मांड्यांना आलेल्या किंचित सुजेचा. उपवासाचेही तसेच. काहीच न खाता केलेल्या उपवासानंतर काटा खाली येतो, तर ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ थाटाची साबुदाण्याची खिचडी झाली की वर जातो. दोन्ही वेळा चरबी जवळपास जागच्या जागी.

आता त्याची वही पाहू. पहिल्या आठवड्यात सोमवारपासून ७९.०, ७८.५, ७८.३, ७८.१, ७७.९, ७७.८, ७७.८, सरासरी ७८.२. दुसऱ्या आठवड्यात ७९.२, ७८.३, ७८.०, ७७.८, ७७.६, ७७.५, ७७.६, सरासरी ७८.०. नुसते सोमवार जुळवले तर वजन २०० ग्रॅम वाढलेले दिसते. सरासरी मात्र तेवढीच उतरली आहे. दर सोमवारीच काट्यावर उभे राहण्याची सवय म्हणूनच फसवी.

एका आठवड्याच्या फरकावरून जेवण बदलू नये. तिसरी सरासरी ७७.८ आणि चौथी ७७.६ आली, तेव्हा वेग ठरला: आठवड्याला २०० ग्रॅम, म्हणजे ०.२ किलो. त्याला ७,७०० ने गुणून सातने भागले की रोजची तूट निघते, सुमारे २२० कॅलरी. त्याने मात्र रोज ४५० ची तूट धरली होती, म्हणजे आठवड्याला ४०० ग्रॅम. मधल्या कॅलरी बहुधा फोडणीच्या तेलात आणि कचेरीतल्या चहात गेल्या; या दोन गोष्टी वहीत लिहायला माणूस हमखास विसरतो. तीन कप चहातली दोन-दोन चमचे साखर सोडली तर साधारण १२० आणि दोन छोटे चमचे तेल कमी केले तर ९० कॅलरी वाचतात. भाकरीला हात लावायची गरज पडत नाही. बदलानंतर पुन्हा दोन-तीन आठवडे काही न बदलता पाहायचे.

वजन उठल्यावर शौचाला जाऊन आल्यानंतर, चहाच्या आधी आणि सारख्याच कपड्यांत करतात. काटा सपाट फरशीवर, रोज त्याच जागी हवा. सांध्यावर ठेवला की आकडा हलतो. सोमवार चुकवून बाकी दिवस मोजले तर सरासरी उगीच हलकी येते.

आहार सुरू केल्यावर पहिल्या दहा-पंधरा दिवसांत मुख्यतः पाणी उतरते, तो वेग हिशेबात धरत नाहीत. स्त्रियांमध्ये पाळीच्या आधी पाणी साठून एखादा किलो वाढू शकतो, तेव्हा सरासरी मागच्या आठवड्याशी न ताडता मागच्या चक्रातल्या त्याच आठवड्याशी ताडावी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी औषधे चालू असणाऱ्यांनी जेवण घटवण्याआधी डॉक्टरांना विचारावे, कारण मात्राही बदलावी लागू शकते. हृदयविकाराच्या रुग्णाचे वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोंनी वाढले, पायांवर सूज आली किंवा आडवे झाल्यावर धाप लागू लागली, तर सरासरीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे लागते.