फाउंड्रीचा नफा घरी नेताना

शिरोली एमआयडीसीतली एक फाउंड्री धरून चालू. फाउंड्री काल्पनिक आहे, पण करांचे दर खरे आहेत. दोन सख्खे भाऊ ती चालवतात. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, शेअर निम्मे-निम्मे. भंगार, पिग आयर्न, वाळू, विजेचं बिल, कामगारांचे पगार, कर्जाचं व्याज आणि दोघा भावांचा डायरेक्टर म्हणून पगार, असं सगळं वजा जाऊन वर्षाअखेर दहा लाख नफा उरला. तो सगळा लाभांश म्हणून वाटून घ्यायचं त्यांनी ठरवलं.

पहिला कर कंपनी भरते. २०१९ मध्ये केंद्र सरकारने कंपन्यांसाठी २२ टक्क्यांचा पर्याय आणला. इतर बऱ्याच सवलती सोडल्या तर हा दर मिळतो. त्यावर १० टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर लागून तो २५.१६८ टक्के होतो. म्हणजे दहा लाखांतले २,५१,६८० रुपये गेले आणि वाटायला ७,४८,३२० उरले. हे भावांच्या खात्यात जमा झाले की ते त्यांचं वैयक्तिक उत्पन्न ठरतं. दोघेही पगारामुळे आधीच ३० टक्क्यांच्या टप्प्यात आहेत, पण पन्नास लाखांच्या आत, त्यामुळे वैयक्तिक अधिभार नाही. उपकरासह ३१.२ टक्क्यांनी दोघांचे मिळून २,३३,४७६ रुपये गेले. घरी पोचले ५,१४,८४४. नफ्यातला साडेअठ्ठेचाळीस टक्के वाटा सरकारकडे गेला.

लाभांश देताना कंपनी १० टक्के टीडीएस कापते, हा तिसरा कर आहे असं अनेकांना वाटतं. तो दुसऱ्या कराचाच आगाऊ हप्ता आहे. विवरणपत्रात त्याची वजावट मिळते, जास्त कापला गेला असेल तर परत मिळतो.

इथे धाकटा भाऊ हमखास म्हणणार, “पैसा एकच, भट्टी एकच, मग टॅक्स दोनदा कशाचा ओ?” तक्रार रास्त वाटते, पण कायद्याच्या लेखी ती भट्टी त्याची नाहीच. ती कंपनीची आहे, आणि कंपनी ही स्वतंत्र व्यक्ती आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये बाचा गझदर यांच्या खटल्यात हे अगदी स्पष्ट केलं. त्यांच्याकडे चहाच्या कंपन्यांचे शेअर होते. चहा पिकवून तयार करणाऱ्या कंपनीचं ६० टक्के उत्पन्न शेतीचं मानलं जायचं आणि त्यावर केंद्राचा प्राप्तिकर नसायचा. मग माझ्या लाभांशातलाही ६० टक्के भाग शेतीचाच समजा, असा त्यांचा दावा होता. न्यायालयाने तो फेटाळला. शेअरहोल्डरचं नातं जमिनीशी नाही, कंपनीशी आहे. कंपनीच्या मालमत्तेत त्याचा मालकीहक्क नाही, कंपनीने लाभांश जाहीर केला तरच त्याला तो मिळण्याचा हक्क येतो. ही भिंत एकदा मान्य केली की पैसा भिंतीच्या अलीकडे कंपनीचं उत्पन्न आणि पलीकडे माणसाचं उत्पन्न, हे ओघानं येतं. कंपनी बुडाली तर भावांचं घर शाबूत राहतं, तेही याच भिंतीमुळे. भिंतीचा फायदा तेवढा घ्यायचा आणि कराच्या वेळी ती नाहीच म्हणायचं, हे कायदा सहसा चालू देत नाही.

सहसा म्हणतो, कारण एलएलपीला, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीला, तो चालू देतो. हीच फाउंड्री भागीदारीत किंवा एलएलपीत असती तर पेढीने दहा लाखांवर ३१.२ टक्के, म्हणजे ३,१२,००० भरले असते आणि उरलेले ६,८८,००० भागीदारांनी घरी नेले असते. भागीदाराच्या हातात नफ्याच्या वाट्यावर पुन्हा कर नाही. कंपनीपेक्षा १,७३,१५६ रुपये जास्त हातात.

मग सगळे एलएलपीच का करत नाहीत? भावांना नवी इंडक्शन फर्नेस घ्यायची असेल तर हिशेब उलटतो. नफा वाटायचाच नाही, धंद्यातच ठेवायचा, तर पेढीकडे ६,८८,००० उरतात आणि कंपनीकडे ७,४८,३२०. दुसरा कर नफ्यावर लागत नाही, नफा घरी नेण्यावर लागतो. त्यामुळे वाढत्या धंद्यातला मालक पैसा आतच ठेवतो. काही वेळा तो नको इतका आत राहतो, हा दुहेरी कराचा फारसा न बोलला जाणारा दुष्परिणाम आहे. चांगली संधी दुसऱ्याच्या धंद्यात असली तरी पैसा जुन्या शेडमध्येच खेळवला जातो.

सीएकडे गेलं की पुढचा प्रश्न ठरलेला: लाभांश नको, पगारच वाढवून घेऊ का? पगार हा कंपनीचा खर्च, त्यामुळे तो पहिल्या कराच्या आधी वजा होतो. दहा लाख पगार म्हणून घेतले तर कंपनीचा कर शून्य आणि भावांच्या हातात ३१.२ टक्के कापून ६,८८,०००. भागीदारीइतकेच. म्हणून छोट्या कंपन्यांत लाभांश क्वचित दिसतो. पण याला मर्यादा आहे. पगार कामाच्या मोबदल्यात हवा. जो पैसा लाभांश म्हणून देता आला असता तो बोनस किंवा कमिशन या नावाने दिला तर तो खर्च नामंजूर होऊ शकतो. कधी शॉपफ्लोअरवर पाय न ठेवलेल्या नातेवाइकाला जाडजूड पगार दाखवला तरी तेच. नामंजूर झालं की कंपनीला त्यावर कर बसतो आणि घेणाऱ्याने तर आधीच भरलेला असतो. दुहेरी कर टाळायला गेलं आणि तोच पदरात पडला.

खर्च कुठला आणि नफ्याचं वाटप कुठलं, हा वाद आपल्या भागाला नवा नाही. सहकारी साखर कारखाने सभासदांना वैधानिक दरापेक्षा जास्त ऊसदर देत, तेव्हा ती जादा रक्कम उसाची किंमत की सभासदांना वाटलेला नफा, यावर वर्षानुवर्षं भांडण चाललं. २०१९ मध्ये तासगाव कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की त्या दरात नफ्याचा जो अंश असेल तो वाटपच समजायचा. शेवटी २०२३ च्या अर्थसंकल्पात जुन्या वर्षांसाठी तोडगा निघाला आणि कारखान्यांना सुमारे दहा हजार कोटींचा दिलासा मिळेल असं सांगण्यात आलं. सभासद हाच मालक आणि सभासद हाच पुरवठादार असला की रेघ ओढणं अवघड होतं. डायरेक्टरच्या पगारातही नेमकी तीच अडचण आहे.

आणखी एक वाट लोक नकळत धरतात आणि फसतात: कंपनीतून उचल. मुलीच्या लग्नाला पाच लाख घेतले, पुढच्या वर्षी भरून टाकू. कंपनी मोजक्या लोकांची असेल, उचल घेणाऱ्याकडे निदान १० टक्के मताधिकार असेल आणि कंपनीत साठलेला नफा असेल, तर ती उचल साठलेल्या नफ्याच्या मर्यादेपर्यंत लाभांशच मानली जाते. नंतर व्याजासकट परत केली तरी बसलेला कर उठत नाही. ताळेबंदात ‘डायरेक्टरांना अग्रिम’ अशी ओळ दिसली की ऑडिटर पेन खाली ठेवतो ते यासाठी.

या दुहेरी ओझ्यावर सरकारं काय करतात? आपल्याकडेच दोन वेगळे प्रयोग होऊन गेले. जुन्या, १९२२ च्या कायद्यात शेअरहोल्डरला कंपनीने भरलेल्या कराचं श्रेय मिळायचं. ते १९५९ मध्ये बंद झालं. पुढे १९९७ मध्ये दुसरीच रीत आली: दुसरा कर शेअरहोल्डरऐवजी कंपनीकडूनच घ्यायचा. मधलं एक वर्ष सोडलं तर हा लाभांश वितरण कर मार्च २०२० पर्यंत चालला आणि शेवटी त्याचा प्रत्यक्ष भार दिलेल्या लाभांशाच्या २०.५६ टक्क्यांच्या आसपास पोचला. तेव्हा आपल्या भावांच्या हाती सुमारे ६,२०,७०० रुपये आले असते, आजच्यापेक्षा लाखभर जास्त. पण तोच दर निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या, कर लागूच न होणाऱ्या बाईंच्या पाच-दहा शेअरांनाही भरावा लागत होता. एप्रिल २०२० पासून कर ज्याच्या-त्याच्या टप्प्यानुसार आहे. त्या बाईंचा दुसरा कर शून्यावर आला, भावांचा वाढला. मला हा बदल न्याय्य वाटतो, मात्र तो दुहेरी करावरचा उपाय नव्हे. दुसऱ्या कराचं ओझं कोणी किती उचलायचं, एवढंच त्याने बदललं.

खरा उपाय ऑस्ट्रेलियाचा आहे, असं माझं मत. १९८७ पासून तिथे कंपनीने भरलेला कर हा शेअरहोल्डरच्या वतीने भरलेली आगाऊ रक्कम समजतात. कंपनीचा दर ३० टक्के. १०० डॉलर नफ्यावर ३० भरून ७० वाटले, की शेअरहोल्डर आपलं उत्पन्न ७० नाही तर १०० दाखवतो आणि ३० भरल्याचं श्रेय घेतो. त्याचा दर ४५ टक्के असेल तर त्याने आणखी फक्त १५ द्यायचे (आरोग्य उपकर सोडून). दर ३० असेल तर काहीच नाही. कर लागूच नसेल तर ३० त्याला परत मिळतात. भिंत उभीच राहते, पण तिला खिडकी असते. अडचण तिजोरीची: परतावा खर्चिक पडतो, आणि त्यावरून तिथे निवडणुकीत घनघोर वाद झालेला आहे. ब्रिटनने अशीच पण अर्धवट रीत १९७३ मध्ये आणली. नंतर तिची धार कमी होत गेली. सिंगापूरने सगळं सोपं केलं: कंपनीने भरला तोच शेवटचा कर, लाभांश माफ. एस्टोनिया उलट टोकाला आहे. तिथे नफा कंपनीत असेपर्यंत करच नाही, वाटला की एकदा.

आपल्याकडे पूर्ण दिलासा नसला तरी एका ठिकाणी तो नीट दिला आहे, कंपनीवर कंपनी असते तिथे. समजा भावांनी आपले शेअर कुटुंबाच्या एका होल्डिंग कंपनीकडे दिले. फाउंड्रीचे ७,४८,३२० तिथे आले, त्यावर पुन्हा २५.१६८ टक्के, मग भावांच्या हातात पुन्हा ३१.२ टक्के, असं झालं तर दहा लाखांतले जेमतेम ३,८५,००० उरतील. हे टाळायला कायदा सांगतो, की मधल्या कंपनीने मिळालेला लाभांश पुढे वाटला तर तेवढी रक्कम तिच्या उत्पन्नातून वजा करा. पूर्ण रक्कम पुढे दिली की आकडा परत ५,१४,८४४ वर येतो. अट तारखेची आहे: विवरणपत्राच्या अंतिम मुदतीच्या एक महिना आधी वाटप व्हायला हवं. मुदत ३१ ऑक्टोबर असेल तर सप्टेंबरअखेर. अनेक खासगी कंपन्यांची वार्षिक सभा सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात होते आणि कंपनी कायदा लाभांश द्यायला त्यानंतर ३० दिवस देतो. तो वेळ पुरता वापरला तर कंपनी कायदा पाळला जातो, पण प्राप्तिकरातली ही वजावट हातची जाऊ शकते. जाणते सीए म्हणूनच होल्डिंग कंपनीला अंतरिम लाभांश मार्चच्या आतच द्यायला लावतात.